ताप गेला, खोकला राहिला : वाट कधी पाहावी, तपासणी कधी करावी?

फेब्रुवारी २०२३ अखेरचे ते दिवस आमच्या वसतिगृहातील जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असतील. दहावीची परीक्षा तोंडावर आली होती आणि एकामागून एक मुले तापाने अंथरुणाला खिळत होती. ताप तीन-चार दिवसांत उतरे, मुले वर्गात परतत. परंतु खोकला काही केल्या जाईना. पहाटेच्या वंदनेच्या वेळी सभागृहात सर्वजण डोळे मिटून शांत बसले, की एका कोपऱ्यातून कोरडी ढास सुरू होई. तिला दुसऱ्या कोपऱ्यातून उत्तर मिळे आणि पाहता पाहता ती साऱ्या रांगांतून फिरे. पालकांचे फोन येत. प्रत्येकाचा प्रश्न एकच असे : "ताप जाऊन पंधरा दिवस झाले, मग पोराचा खोकला का जात नाही?"

हा प्रश्न त्या वर्षी केवळ भिंगारमध्ये नव्हे, तर देशभर विचारला जात होता. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्या साथीमागे प्रामुख्याने इन्फ्लुएंझाचा 'एच३ एन२' हा उपप्रकार असल्याचे सांगितले होते. इंडियन मेडिकल असोसिएशनने ३ मार्च २०२३ रोजी काढलेल्या सूचनेत म्हटले होते, की ताप साधारण तीन दिवसांत जातो, खोकला मात्र तीन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. अशा रुग्णांना केवळ लक्षणांवर उपचार द्यावेत, प्रतिजैविके म्हणजे अँटिबायोटिक्स देऊ नयेत. सूचना योग्यच होती. परंतु त्याच सुमारास आमच्या आरोग्य खोलीच्या भिंतीवर दुसरेही एक भित्तिपत्रक लावलेले होते. त्यावर लिहिले होते : 'दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला? बेडका तपासून घ्या.'

एक सूचना सांगते, तीन आठवडे खोकला राहणे स्वाभाविक आहे. दुसरी सांगते, दोन आठवडे झाले की तपासणी करा. मग वाट पाहावी की धाव घ्यावी? या दोन सूचना एकमेकींच्या विरुद्ध नाहीत, हे आम्हांला त्या वर्षी दोन माणसांच्या आजारपणातून समजले. एकाच्या बाबतीत आमचे वागणे बरोबर ठरले, दुसऱ्याच्या बाबतीत आम्ही चुकलो. या लेखात त्या दोघांची हकीकत सांगत आहोत.

खोकला मागे का राहतो?

विषाणू आपल्या श्वासनलिकेत शिरतो तेव्हा तो नलिकेच्या आतल्या नाजूक अस्तरावर आघात करतो. या अस्तरावर अतिसूक्ष्म रोम असतात. ते सतत हलत राहून कफ, धूळ आणि जंतू वरच्या दिशेने ढकलत असतात. विषाणूमुळे हे रोम गळून पडतात आणि अस्तराचा वरचा थर जागोजागी सोलवटतो. त्याखाली असलेली चेतातंतूंची टोके उघडी पडतात. गुडघा खरचटल्यावर तेथे नुसता वारा लागला तरी झोंबते, तसेच येथे घडते. थंड हवा, झाडूची धूळ, फोडणीचा खाट, अगरबत्तीचा धूर, जोराचे हसणे किंवा मोठ्याने वाचन, एवढ्यानेही खोकल्याची उबळ येते. निरोगी माणसाला हे जाणवतही नाही. परंतु नुकत्याच तापातून उठलेल्याला ते सोसत नाही.

म्हणजे या अवस्थेत विषाणूचा अंमल संपलेला असतो आणि उरलेली असते ती केवळ जखम. अस्तर नव्याने उगवायला, रोम पुन्हा कामाला लागायला आणि बावरलेले चेतातंतू शांत व्हायला काही आठवडे लागतात. प्रतिजैविके जीवाणूंवर चालतात, जखमेवर नाहीत. म्हणून या खोकल्यावर त्यांचा काहीही उपयोग होत नाही. सर्दीनंतर नाकाच्या मागून घशात ओघळणारा स्राव हे या खोकल्याचे दुसरे कारण होय. आडवे पडल्यावर तो घशाला टोचतो. त्यामुळे रात्री झोपताना ढास वाढते.

आमची खरी अडचण आहे ती अपेक्षेची. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सर्वसामान्य प्रौढांना विचारले गेले, की असा खोकला किती दिवस टिकतो असे तुम्हांला वाटते? बहुतेकांची उत्तरे सात ते नऊ दिवसांच्या आसपास होती. निरनिराळ्या संशोधनांतील रुग्णांची नोंद एकत्र केली असता प्रत्यक्ष सरासरी मात्र सुमारे अठरा दिवसांची निघाली. नवव्या दिवशी धीर सुटलेला माणूस औषधाच्या दुकानात जातो, कोणती तरी गोळी घेतो आणि अठराव्या दिवशी खोकला गेला, की त्याचे श्रेय त्या गोळीला देतो. तो खोकला गोळी न घेताही गेलाच असता.

वैद्यकशास्त्रात तीन आठवड्यांच्या आतील खोकल्याला अल्पकालीन म्हणतात. प्रौढांमध्ये तीन ते आठ आठवडे टिकलेला खोकला बहुधा विषाणूने मागे ठेवलेला असतो. आठ आठवड्यांच्या पुढे गेलेला मात्र दीर्घकालीन मानला जातो आणि त्याचे कारण शोधलेच पाहिजे. मुलांसाठी ही मर्यादा कमी आहे : चार आठवडे. बहुतेक मुलांचा खोकला पंचवीस दिवसांच्या आत थांबतो.

नववीतील विद्यार्थी

पहिली हकीकत आहे नववीतील एका विद्यार्थ्याची. ताप आला तो दिवस आम्ही पहिला दिवस धरला आणि आरोग्य खोलीतील वहीत त्याच्या नावाचे एक पान उघडले. चौथ्या दिवशी ताप उतरला, सातव्या दिवशी अंगदुखी थांबली. कोरडा खोकला मात्र दहाव्या दिवशी सर्वांत अधिक होता. रात्री तीन-चार वेळा त्याची झोप मोडे. भूक मात्र परतली होती आणि तो दुसरी भाकरी मागून घेऊ लागला होता.

चौदाव्या दिवशीही खोकला होता. तेव्हा भिंतीवरील सूचनेप्रमाणे आम्ही त्याला शासकीय दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी छाती तपासली, ती स्वच्छ होती. वजन तापापूर्वी होते तेवढेच भरले. घरात किंवा खोलीत कोणाला क्षयरोग झाला होता काय, असे त्यांनी विचारले. उत्तर 'नाही' असे होते. तरीही त्यांनी बेडका तपासायला सांगितले.

कोरड्या खोकल्यात बेडका मिळवणे हेच अवघड असते. पहिल्यांदा त्या मुलाने डबीत नुसती लाळ थुंकली आणि ती परत आली. तेथील परिचारिकेने मग त्याला नीट शिकवले. प्रथम साध्या पाण्याने चूळ भरायची. मोकळ्या हवेत, इतरांपासून दूर उभे राहायचे. दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन क्षणभर रोखायचा आणि मग छातीच्या तळापासून खोकायचे. घशातून खाकरून काढलेली थुंकी चालत नाही. चिकट, दाट असा ऐवज हवा. एक नमुना तेथेच आणि दुसरा पहाटे उठल्याबरोबर घ्यायचा, कारण रात्रभर साचलेला कफ तेव्हाच सुटतो. ज्यांना बेडका येतच नाही, त्यांच्यासाठी डॉक्टर छातीचा एक्स-रे आणि अन्य मार्ग अवलंबतात. 'बेडका आला नाही, म्हणजे क्षय नाही' असा अर्थ कोणी काढू नये.

तपासणी 'ट्रूनॅट' यंत्रावर झाली. हे लहानसे यंत्र गोव्यातील कंपनीने विकसित केले असून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली आहे. ते बेडक्यातील क्षयजंतूंचा जनुकीय अंश शोधते आणि काही तासांच्या आत उत्तर देते. जंतू सापडल्यास रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला ते दाद देतात की नाही, हेही पुढच्या टप्प्यात कळते. शासकीय केंद्रात ही तपासणी विनामूल्य होते. आमच्या विद्यार्थ्याच्या बेडक्यात जंतू आढळले नाहीत.

त्यानंतर आम्ही केले ते एवढेच. रात्री झोपताना एक चमचा मध आणि कोमट पाणी दिले. वर्ग झाडण्यापूर्वी पाणी शिंपडायला सुरुवात केली. वंदनेच्या वेळची अगरबत्ती दाराबाहेर नेली. वहीत रोज तीनच गोष्टी लिहिल्या : रात्री किती वेळा जागा झाला, जेवला किती आणि ताप आला काय. एकविसाव्या दिवशी तो प्रथमच रात्रभर झोपला. पंचविसाव्या दिवशी कबड्डी खेळताना आणि हसताना तेवढा खोकला येई. एकतिसाव्या दिवशी त्याचे पान आम्ही बंद केले. अठ्ठाविसावा दिवस उलटला तेव्हा आम्ही डॉक्टरांना पुन्हा दाखवले होते. खोकला स्पष्टपणे ओसरत असल्यामुळे त्यांनी आणखी एक आठवडा पाहण्यास सांगितले होते.

रात्रीचे पहारेकरी मामा

दुसरी हकीकत सांगताना आम्हांला आजही संकोच वाटतो. वसतिगृहाचे पहारेकरी, ज्यांना सारी मुले 'मामा' म्हणत, त्यांनाही त्याच आठवड्यात ताप आला. तोही उतरला. त्यांचाही खोकला राहिला. "मुलांचेच दुखणे लागले मला," असे ते म्हणाले आणि आम्हीही ते मानले. सबंध वसतिगृह खोकत असताना एकाचा खोकला वेगळा कसा ऐकू येणार?

मामांच्या नावाचे पान आमच्या वहीत नव्हते, कारण वही विद्यार्थ्यांची होती. त्यामुळे त्यांचे दिवस कोणी मोजलेच नाहीत. आठव्या दिवशी त्यांनी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून गोळ्यांची एक पट्टी आणली. ते लेव्होफ्लॉक्सासिन नावाचे प्रतिजैविक होते. पाच दिवस गोळ्या घेतल्यावर त्यांना बरे वाटले, खोकलाही कमी झाला. आम्हांलाही आनंद झाला. पंधरवड्याने खोकला परतला, पुन्हा तीच पट्टी आली आणि पुन्हा थोडे बरे वाटले.

सातव्या आठवड्यात मामींनी त्यांचा सदरा धुताना गळ्याकडे बोट दाखवून म्हटले, "हा सदरा यांना दिवाळीला घट्ट होत होता." तेव्हा आम्ही वजनकाट्यावर पाहिले. बासष्ट किलोचे मामा सत्तावन्नावर आले होते. मग आम्ही जे प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारायला हवे होते, ते विचारले. संध्याकाळी अंग कोमट होते काय? होते. रात्री घाम येतो काय? येतो, गोधडी ओली होते. भूक? नाही. आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : खोकला नेमका कधी सुरू झाला? थोडा विचार करून मामा म्हणाले, की बारीक खोकला संक्रांतीपासूनच होता. साथीचा ताप त्यानंतर महिन्याभराने आला होता. म्हणजे त्या तापाने मामांना खोकला दिलाच नव्हता. आधीच असलेला खोकला त्याने आमच्यापासून झाकून ठेवला होता.

बेडक्यात क्षयजंतू सापडले. औषधांना ते दाद देणारे होते, हे सुदैव. सहा महिन्यांचे विनामूल्य उपचार पूर्ण करून मामा बरे झाले. परंतु मधल्या काळात ते दररोज रात्री मुलांच्या खोल्यांतून फिरत होते. म्हणून त्यांच्या कुटुंबाची आणि वसतिगृहातील प्रत्येकाची तपासणी करावी लागली. कोणालाही आजार झालेला आढळला नाही आणि निकट सहवासातील ज्यांना डॉक्टरांनी सुचवले, त्यांना प्रतिबंधक औषधे दिली गेली. आमच्या मनावरील ओझे मात्र तेवढ्याने उतरले नाही.

त्या गोळ्यांविषयी डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. लेव्होफ्लॉक्सासिनच्या वर्गातील प्रतिजैविके क्षयजंतूंवरही काही प्रमाणात चालतात. एकट्याने, थोडे दिवस घेतली तर ती जंतूंना मारून संपवत नाहीत, केवळ दडपतात. रुग्णाला बरे वाटते, तपासणी लांबते, तपासणी झालीच तर जंतू सापडणे अवघड होते आणि जंतू त्या औषधाला निर्ढावण्याचा धोकाही वाढतो. ही औषधे पुढे अवघड प्रकारच्या क्षयासाठी राखून ठेवावी लागतात. 'घेऊन तर पाहू' असे म्हणून घेतलेली पट्टी निरुपयोगी ठरत नाही. ती आजार लपवते.

दोन स्वतंत्र घड्याळे

आता सुरुवातीच्या कोड्याकडे वळू. अस्तराची जखम भरायला तीन आठवडे, क्वचित आठ आठवडेही लागतात. हे झाले बरे होण्याचे घड्याळ. दोन आठवड्यांचे घड्याळ निराळे आहे. ते क्षयरोग शोधण्याचे आहे. ज्या देशात हा रोग घरोघरी भेटू शकतो, तेथे तो लवकर सापडावा म्हणून राष्ट्रीय कार्यक्रमाने ही मर्यादा मुद्दाम कमी ठेवली आहे. पंधराव्या दिवशी बेडका तपासायला पाठवले, याचा अर्थ 'तुला क्षय झाला आहे' असा नव्हे. तपासलेल्यांपैकी बहुतेकांना तो नसतोच. एकदा ती तपासणी झाली, की उरलेले आठवडे निश्चिंत मनाने वाट पाहता येते.

वाट पाहणे म्हणजे विसरणे नव्हे. बऱ्या होणाऱ्या खोकल्याला एक दिशा असते. आजचा दिवस कालच्यापेक्षा चांगला असेलच असे नाही, परंतु हा आठवडा मागच्या आठवड्यापेक्षा चांगला असतो. प्रथम झोप परतते, मग दिवसाची ढास विरळ होते आणि शेवटी केवळ धावताना किंवा हसताना खोकला उरतो. ताप परतत नाही, भूक आणि वजन टिकून राहते. ही दिशा दिसत असेल तर धीर धरावा. खोकला आहे तेथेच थांबला, किंवा ओसरून पुन्हा वाढला, तर दिवस कितीही झालेले असोत, डॉक्टरांकडे जावे.

काही लक्षणांना मात्र दोन आठवड्यांचीही सवलत नाही. खोकल्यातून रक्त येणे, बसल्या जागी धाप लागणे, छातीत दुखणे, उतरलेला ताप पुन्हा चढणे, ओठ निळसर होणे किंवा लहान मुलाच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जाणे, यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. चण्याशेंगदाण्यांशी खेळणाऱ्या बाळाला ताप-सर्दी नसताना अकस्मात ढास लागली, तर दाणा श्वासनलिकेत गेल्याची शंका घ्यावी. उबळीनंतर 'हूप' असा आवाज किंवा उलटी होत असेल, तर तो डांग्या खोकला असू शकतो. दरवर्षी थंडीत, पहाटे किंवा खेळल्यावर खोकला आणि छातीत शिट्टी वाजत असेल, तर दम्याची तपासणी करून घ्यावी.

घरातील वडीलधाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारावा : रक्तदाबाची गोळी कोणती चालू आहे? एनालाप्रिल, रामिप्रिल या वर्गातील गोळ्यांमुळे काहींना महिनोन्‌महिने कोरडा खोकला येतो आणि गोळी बदलली की तो थांबतो. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नये. डॉक्टरांनीच ती बदलून द्यावी.

उपचारांविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. मध एक वर्षाखालील बाळाला कधीही देऊ नये, त्यापुढील सर्वांना तो चालतो. मोठ्यांनी मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या कराव्यात. मुलांना उकळत्या पातेल्यावर वाफ देताना भाजण्याचे प्रसंग घडतात, ते टाळावे. खोकल्याच्या औषधांच्या बाटल्यांबाबत ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात जे घडले, ते विसरता येणार नाही. विषारी डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या एका सिरपमुळे तेथील कोवळी मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतील कित्येकांवर नागपुरात उपचार सुरू होते. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्याच वेळी स्पष्ट केले, की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांसाठी ती सर्वसाधारणपणे सुचवली जात नाहीत. जो खोकला आपोआप जाणार आहे, त्यासाठी लेकरांना हा धोका पत्करायला लावू नये.

आमच्या आरोग्य खोलीतील वही आता बदलली आहे. तिच्यात विद्यार्थी आहेत, तसेच स्वयंपाकघरातील मावशी आहेत, शिपाई आहेत, शिक्षक आहेत आणि पहिल्या पानावर मामांचे नाव आहे. खोकणाऱ्या प्रत्येकाला आम्ही प्रथम 'किती दिवस झाले?' असे विचारतो आणि लगेच दुसरा प्रश्न विचारतो : "तापाच्या आधी खोकला होता काय?" क्षयरोगाविषयी शंका असल्यास १८००-११-६६६६ हा निक्षय हेल्पलाइनचा विनामूल्य क्रमांक त्या वहीच्या वेष्टनावर लिहिलेला आहे. पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी तो आपापल्या घरीही लिहून ठेवावा आणि घरात कोणी खोकू लागले, की त्याच्या शेजारी पहिल्या दिवसाची तारीख टाकावी.